प्रबंधातल्या निकालाच्या प्रकरणात तक्ता वाचून दाखवू नका

‘तक्ता ४ वरून असे दिसून येते की...’ हे वाक्य पुण्यातल्या प्रबंधांत पानोपानी भेटतं. खाली तोच तक्ता पुन्हा शब्दांत.

समजा, तुम्ही कोथरूड आणि हडपसरच्या थांब्यांवर पीएमपी बसची वाट पाहण्याचा वेळ मोजलाय. तक्ता झाका आणि मूळ प्रश्नाचं उत्तर लिहा: ‘सकाळी हडपसरला प्रवासी सरासरी १८ मिनिटं थांबतात, कोथरूडला ११, दुपारी हा फरक जवळपास मिटतो (तक्ता ४).’ इथले आकडे कल्पित आहेत. मग तक्ता उघडून आकडे ताडा. वय, पास वगैरे ओळी तक्त्यातच राहू देत. मात्र ठरवलेल्या मुख्य तुलनेत फरक आढळला नाही, तर तेही लिहाच; परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. फरक का पडला, ते चर्चेच्या प्रकरणात.