बिल पास करण्याआधी: पीओ, जीआरएन आणि बिल कसं जुळवावं

पुरवठादाराचं बिल टेबलावर आलं की पीओ, जीआरएन आणि बिल हे तीन कागद शेजारी ठेवा. काय मागवलं ते पीओ सांगते, काय हाती आलं ते जीआरएन. बिल सांगतं ती पुरवठादाराची मागणी.

सुरुवात बिलापासून नको, जीआरएनपासून करा. माल न मोजता चलनावरचा आकडाच जीआरएनवर उतरवला असेल, तर तिन्ही कागद सुंदर जुळतात आणि न आलेल्या मालाचे पैसे जातात. एखाद्या पुरवठादाराच्या जीआरएनवर महिनोन् महिने चलनाएवढाच आकडा दिसत असेल, कधी तूट नाही, कधी रिजेक्शन नाही, तर स्टोअरमध्ये जाऊन मोजणी बघा. मोजणाऱ्याला पीओवरची संख्या आधी दाखवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

एक उदाहरण घेऊ. पीओ ५,००० बोल्टची, दर १२ रुपये. गेटवर उतरले ४,८००. तपासणीत आटे खराब म्हणून १०० बाजूला काढले. बिल मात्र ५,००० नगांचं, दर १२.५० रुपये, म्हणजे जीएसटी सोडून ६२,५०० रुपये.

आधी नग जुळवा. इथे ‘आलेले’ नाही, ‘स्वीकारलेले’ नग धरायचे, म्हणजे ४,७००. मग दर पीओचा घ्या, १२ रुपये. ४,७०० गुणिले १२ म्हणजे ५६,४०० रुपये. फरक ६,१०० रुपयांचा. त्याची फोड करून ठेवा: ३०० नग कमी म्हणून ३,७५० रुपये, दर जास्त लावला म्हणून २,३५० रुपये. नगांचा प्रश्न स्टोअरकडे जातो, दराचा खरेदी विभागाकडे. दोन्ही एकाच आकड्यात गुंडाळले तर कोणीच उत्तर देत नाही.

खरेदी विभाग ‘दरवाढ मान्य आहे’ असं म्हणाला, तर आधी पीओत रीतसर दुरुस्ती करून घ्या. फोनवरच्या होकारावर बिल पास करू नका.

दरवाढ मान्य नसेल तर ६,१०० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी १,०९८ रुपये, असे ७,१९८ रुपये अडवा आणि पुरवठादाराकडून क्रेडिट नोट मागवा. तुमची डेबिट नोट तुमच्या वह्यांपुरती असते. त्याचं करदायित्व त्याच्या क्रेडिट नोटनेच कमी होतं. न आलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिटही घेता येत नाही. ७३,७५० रुपयांच्या बिलापैकी ६६,५५२ रुपये सोडा.

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर तक्रार माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी पाठवा. नाहीतर कायद्याने माल स्वीकारला असं धरलं जातं आणि पैसे देण्याची मुदत त्याच हिशेबाने धावते.

शेवटी पीओकडे परत या. तिच्यावर ३०० नग अजून बाकी दिसत असतील. ते येणार नसतील तर पीओ तिथेच बंद करा. उघडी राहिली, तर तेच ३०० नग लावलेलं दुसरं बिल सिस्टीम बाकी ऑर्डर समजून पुढे सरकवेल. मग ते अडवायला फक्त जीआरएन उरतो.