कळीचं बूड दाखवा, मग सांगते

सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात फुलांची तोडणी आणि हार ओवणं मी बारा वर्षांपासून करते. नव्याने हे काम शिकणारी पोरं रोपांचे फोटो पाठवतात. परवा भाच्याने पाठवला: तळहातावर एक पांढरी कळी. "मावशी, हा मोगराच आहे न जी? चाळीस रोपं घ्यायची आहेत."

नुसत्या पांढऱ्या कळीवरून सांगता येत नाही. मी म्हटलं, फांदी आडवी धर, पान पूर्ण येऊ दे आणि कळीचं बूड जवळून काढ. मोगऱ्याच्या कळीच्या बुडाशी हिरवी वाटी असते आणि तिला दोऱ्यासारखे लांब, बारीक दाते असतात. त्याच्या फोटोत हे दाते नव्हते. वाटी इवलीशी, त्यावर बारीक हिरवट नळी, वर पीळ घातलेलं टोक. पानही मोगऱ्याच्या अंडाकृती पानापेक्षा लांबट आणि निमुळतं. मग त्याला एक पान तोडून लगेच फोटो काढायला लावला. देठावर पांढरा चीक आला. मोगऱ्याला चीक नसतो. ही तगर निघाली. तगरीच्या कळ्याही हारात जातात, पण मोगऱ्याचा वास त्यांना नाही. पैसे वाचले.

बाकीची ओळख सोपी आहे. जाईचं पान कडुनिंबासारखं अनेक पानांचं आणि कळी बाहेरून गुलाबी. जुईच्या पानाच्या बुडाशी बहुधा दोन कानांसारखी बारकी पानं. कुंदाच्या पानावर आणि कळीच्या वाटीवर लव असते. निशिगंध तर कांद्यातून उगवतो. गवतासारखी लांब पानं आणि दांड्यावर जोडीजोडीने कळ्या.

खरी चूक तोडणीत होते. मोगऱ्याची कळी हिरवट असताना तोडली तर ती हारात उमलतच नाही, तशीच पिवळी पडते. हवी ती दुधासारखी पांढरी, टपोरी, पण तोंड पूर्ण मिटलेली. अशी कळी पहाटे तोडली की त्याच संध्याकाळी उमलते, म्हणून सकाळी ओवलेला हार रात्रीच्या लग्नात घमघमतो. पहिल्या वर्षी मी वजन भरावं म्हणून अर्ध्या टोपलीत हिरवट कळ्या घेतल्या आणि व्यापाऱ्याने सगळी टोपली परत केली. आता एकाच वेलीवर रोज हात फिरवते. आजची हिरवी कळी उद्यासाठी सोडते. वैशाखात ऊन चढायच्या आत तोडणी संपवायची आणि टोपलीवर ओला सुती कपडा टाकायचा. पाणी मात्र कळ्यांवर शिंपडू नका, डाग पडतात.

निशिगंध हारासाठी घ्यायचा तर एकेरी पाकळीचा. दांडा खालून वर उमलत जातो, म्हणून खालच्या फुगलेल्या, उमलायला आलेल्या कळ्या पहाटे खुडायच्या आणि दांडा तसाच ठेवायचा. भाच्याला मी हेच सांगितलं, आणि खरा मोगरा हवा असेल तर माझ्याच झाडाची छाटकलमं घे म्हटलं.