फिर्याद रद्द करण्याचा अर्ज: कलम ५२८ खाली जाताना या चुका टाळा

न्यायदंडाधिकाऱ्यांनी खासगी फिर्यादीवर प्रोसेस, म्हणजे आरोपीला हजर राहण्याचा आदेश, काढली, समन्स हातात पडले, की बहुतेक पक्षकारांचा पहिला प्रश्न असतो, ‘हायकोर्टातून हे रद्द होईल का?’ रद्द होऊ शकते. उच्च न्यायालयाचे अंतर्निहित अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आले आहेत. मात्र असे अर्ज फेटाळले जातात ते नेहमी बाजू कमकुवत असते म्हणून नव्हे. चुकीच्या टप्प्यावर, चुकीचा उपाय चुकीच्या कागदांनिशी वापरल्यामुळेही चांगली बाजू वाया जाते.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. एका पुरवठादाराने मार्च २०२३ मध्ये ८,००,००० रुपयांचे पॅकिंग यंत्र उधारीवर दिले. खरेदीदाराने सात महिन्यांत हप्त्याहप्त्याने ५,५०,००० रुपये दिले आणि यंत्रात दोष असल्याचे सांगून उरलेले २,५०,००० रुपये थांबवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुरवठादाराने भारतीय दंड संहितेच्या कलम ४०६ (विश्वासघात) आणि ४२० (फसवणूक) खाली फिर्याद दाखल केली. व्यवहार जुना असल्याने गुन्ह्याची कलमे जुन्या संहितेची, पण फिर्याद नंतरची असल्याने कार्यपद्धती नव्या संहितेची, ही सरमिसळ अर्जात नीट मांडावी लागते. जुने ४८२ लिहिले म्हणून अर्ज फेटाळला जाईल असे नाही, पण कोणती कार्यपद्धती लागू आहे याकडे लक्ष नसल्यास एक महत्त्वाचा मुद्दा हातचा जातो.

तो मुद्दा नव्या संहितेच्या कलम २२३ मधला आहे. फिर्यादीवरून गुन्ह्याची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, असे त्याचे परंतुक सांगते. आमच्या प्रकरणात अशी नोटीस आली असेल तर ‘पुढे हायकोर्टात बघू’ म्हणून गैरहजर राहणे ही पहिली चूक. नोटीस न देताच दखल घेतली गेली असेल, तर तो आदेशातला दोष म्हणून अर्जात स्वतंत्रपणे मांडावा. मात्र त्या मुद्द्यावर आदेश रद्द झाला तरी प्रकरण पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. फिर्याद कायमची संपतेच असे नाही.

दुसरी चूक सर्वांत जास्त नुकसान करते. खरेदीदार अर्जासोबत यंत्राच्या दोषांचे फोटो, तंत्रज्ञाचा अहवाल आणि व्हॉट्सअॅपच्या संभाषणाची शेकडो पाने जोडतो. समोरचा पक्ष हे कागद नाकारतो, आणि वादग्रस्त तथ्यांचा निकाल पुराव्यानंतरच लागेल असे सांगून न्यायालय अर्ज फेटाळते. आरोपीच्या कागदांकडे या टप्प्यावर पाहताच येत नाही असे नाही. राजीव थापर प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की ते साहित्य निर्विवाद आणि अत्यंत विश्वासार्ह असावे, त्याने फिर्यादीचा पायाच उखडला जावा आणि फिर्यादी पक्षाला ते खोडून काढता येऊ नये. व्हॉट्सअॅपचे संभाषण या कसोटीला क्वचितच उतरते.

खरे तर येथे बाहेरच्या कागदाची गरजही नाही. फिर्यादीच्या एका परिच्छेदात ‘आरोपीने सुरुवातीपासून फसवणुकीच्या हेतूने माल घेतला’ असे वाक्य आहे आणि दुसऱ्यात ५,५०,००० रुपये मिळाल्याची तारीखवार कबुली. कलम ४२० साठी फसवणुकीचा हेतू व्यवहाराच्या प्रारंभीच असावा लागतो. नंतर पैसे न देणे पुरेसे नसते. शिवाय विकलेल्या मालाची मालकी खरेदीदाराकडे जाते, त्यामुळे कलम ४०६ ला लागणारा ‘विश्वासाने सोपवलेला माल’ उरत नाही. दिल्ली रेस क्लब प्रकरणात (२०२४) घोड्यांच्या खाद्याचे बिल थकल्यावरून अशीच फिर्याद होती. तेथे सर्वोच्च न्यायालयाने फसवणूक आणि विश्वासघात हे एकाच तथ्यांवर एकत्र नांदू शकत नाहीत, हे सविस्तर समजावून कार्यवाही रद्द केली. म्हणून फिर्याद आणि फिर्यादीने दंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर दिलेला पडताळणी जबाब जसेच्या तसे खरे मानून गुन्हा होतो का, एवढ्याच प्रश्नाभोवती अर्ज बांधावा.

‘हा दिवाणी वाद आहे’ हे वाक्यही एकटे पुरत नाही. एकाच व्यवहारातून दिवाणी दावा आणि फौजदारी गुन्हा दोन्ही उद्भवू शकतात. माल घेताना खरेदीदाराने बनावट बँक गॅरंटी दाखवली असे फिर्यादीत असते, तर हेच प्रकरण रद्द होणे अवघड झाले असते.

आता मार्गांविषयी. अनेक जण दंडाधिकाऱ्यांकडेच ‘प्रोसेस मागे घ्या’ असा अर्ज देतात आणि त्यात महिने घालवतात. अदालत प्रसाद निकालाने (२००४) हा मार्ग बंद केला आहे. काढलेली प्रोसेस दंडाधिकाऱ्यांना स्वतः परत घेता येत नाही. सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज मात्र चालतो आणि त्याची मुदत ९० दिवसांची असते. पुनरीक्षणाचा पर्याय उपलब्ध आहे एवढ्याच कारणाने कलम ४८२ चा अर्ज नाकारता येत नाही, हे धारिवाल टोबॅको (२००९) आणि प्रभू चावला (२०१६) या निकालांनी स्पष्ट केले. तरीही माझे मत असे की वाद केवळ आदेशाच्या योग्यतेचा असेल, तर जिल्ह्यातले पुनरीक्षण अधिक उपयोगी पडते, कारण तेथे आदेशाची कायदेशीरता, अचूकता आणि औचित्य तपासता येते. मात्र तेथे हरल्यावर त्याच व्यक्तीला दुसरे पुनरीक्षण करता येत नाही. मग कलम ५२८ उरते खरे, पण ते नाव बदललेले दुसरे पुनरीक्षण ठरू लागले तर उच्च न्यायालय ते ऐकत नाही. त्यासाठी गंभीर अन्याय किंवा प्रक्रियेचा उघड गैरवापर दाखवावा लागतो.

एखादा मुद्दा पुढच्या अर्जासाठी राखून ठेवू नये. भीष्म लाल वर्मा प्रकरणात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पहिल्या अर्जाच्या वेळी उपलब्ध असलेले मुद्दे घेऊन दुसरा अर्ज करता येत नाही. परिस्थितीत खरोखर बदल झाला असेल तर गोष्ट वेगळी.

अर्ज दाखल झाला म्हणजे खालचे कामकाज थांबले, असेही समजू नये. स्थगितीचा आदेश हातात नसताना तारखेला न गेल्यास वॉरंट निघते. नव्या संहितेच्या कलम २२८ खाली वकिलामार्फत हजेरीची परवानगी वेळेत मागावी. प्रमाणित प्रत, पडताळणी जबाब आणि मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर यांत होणारा विलंबही धरून चालावे.

अर्ज चालताना न्यायमूर्तींचा कल प्रतिकूल दिसला, तर गुणवत्तेवर नकार ओढवून घेण्यापेक्षा अर्ज मागे घेण्याची परवानगी मागावी. वॉरंट खटल्यात फिर्याद निराधार असल्यास दंडाधिकारी फिर्यादीचा पुरावा पूर्ण होण्याआधीच्या कोणत्याही टप्प्यावर आरोपीला नव्या संहितेच्या कलम २६८ खाली आरोपमुक्त करू शकतात. आरोपमुक्तीचा अर्ज करण्याची मुभा असल्याची आणि सर्व मुद्दे खुले राहिल्याची नोंद आदेशात करून घ्यावी, म्हणजे त्या टप्प्यावर उच्च न्यायालयाचा नकार आडवा येत नाही.