या चुका टाळा: सरकारी टायपिंगसाठी रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्टची खिचडी

दारव्ह्याकडच्या एका खेड्यातली मुलगी गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली. तालुक्याच्या क्लासात सहा महिने रेमिंग्टनवर हात बसवलेला आणि घरी भावाच्या लॅपटॉपवर इनस्क्रिप्टचा सराव. म्हणाली, "सर, मी रोज दोन तास बसते, तरी चुका वाढूनच राहिल्या. काहून होत असन असं?" मी तिला लॅपटॉपवर ‘गणित’ टाइप करायला सांगितलं. स्क्रीनवर उमटलं ‘गिणत’. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्या खेड्यापाड्यांतली निम्मी मुलं तरी ती करताना मी पाहतो.

रेमिंग्टन म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी. त्या यंत्रात कागद पुढे सरकत जायचा, म्हणून अक्षर जसं डोळ्यांना दिसतं त्याच क्रमाने खटके मारावे लागत. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी आणि अक्षर नंतर. रफार अक्षराच्या डोक्यावर दिसतो, म्हणून खालचं अक्षर आधी आणि रफार शेवटी. इनस्क्रिप्ट मात्र उच्चाराच्या क्रमाने चालतं. तोंडातून जे आधी निघतं ते आधी. ‘णि’ म्हणताना ण आधी येतो, म्हणून ण आधी आणि वेलांटी नंतर. ‘धर्म’ म्हणताना र हा म च्या आधी येतो, म्हणून ध, र, हलन्त, म.

रेमिंग्टनची सवय घेऊन इनस्क्रिप्टवर बसलं की बोटं ‘गणित’साठी ग, वेलांटी, ण, त असं मारतात. वेलांटी मागच्या ग ला चिकटते आणि ‘गिणत’ होतं. ‘माहिती’ लिहिताना निदान चूक दिसते तरी, कारण ‘मा’ला आधीच काना असतो, वेलांटीला बसायला जागा मिळत नाही आणि स्क्रीनवर ठिपक्यांचं वर्तुळ येतं. ते वर्तुळ दिसलं की समजायचं, क्रम उलटा झाला. ‘गिणत’सारख्या चुकीत मात्र वर्तुळ येत नाही, शब्द गुपचूप चुकतो. म्हणून सराव झाल्यावर पहिली वेलांटी असलेले सगळे शब्द वेगळे तपासा. दुसरी खूण रफाराची: ‘धर्म’च्या जागी ‘धमर्’ असा शेवटी पाय मोडलेला र दिसला, तर तीही रेमिंग्टनचीच सवय.

एक अवघड शब्द पूर्ण पाहू: ‘विद्यार्थ्यांना’. इनस्क्रिप्टवर त्याच्या कळा अशा:

```
b f o d / e j d L d / e x v e
```

व, पहिली वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, काना. सगळा जोडाक्षरांचा कारभार `d` या एका कळीवरच्या हलन्ताने होतो. रेमिंग्टनवर हाच शब्द वेलांटीपासून सुरू होतो आणि रफार ‘थ्या’ उमटल्यानंतर येतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाच बोटांना रोज दोन क्रम शिकवले तर एकही पक्का होत नाही.

मग शिकायचं कोणतं? ज्याने अजून कळफलकाला हात लावलेला नाही, त्याने इनस्क्रिप्टच शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते विंडोजमध्ये मुळातच असतं, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, आणि टाइप केलेलं थेट युनिकोडात राहतं. शिवाय मांडणीला तर्क आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. `k` वर क आणि शिफ्ट धरलं की ख, `l` वर त आणि थ, `h` वर प आणि फ. बाराखडी येणाऱ्याला अर्धा कळफलक असाच पाठ होतो. मात्र न आणि म डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आहेत, तिथे सुरुवातीला अडखळायला होतं.

अपवाद एकच. रेमिंग्टनवर तुमचा 30 शब्दांचा वेग आधीच बसला असेल आणि जाहिरातीत रेमिंग्टनचा पर्याय दिला असेल, तर परीक्षा दोन महिन्यांवर असताना मांडणी बदलू नका. पण जाहिरात खरंच वाचा. कौशल्य चाचणीच्या परिच्छेदात कळफलक आणि फॉन्टचं नाव दिलं आहे का ते शोधा. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र एका मांडणीवर मिळवलं म्हणून भरतीच्या चाचणीतही तीच मांडणी मिळेल, असं गृहीत धरू नका.

रेमिंग्टनवाल्यांची आणखी एक फसगत इंटरनेटवरच्या तक्त्यांमुळे होते. ‘रेमिंग्टन’ म्हणून शोधलं की बहुतेक वेळा हिंदीचा तक्ता हाती लागतो. हिंदीतसुद्धा ‘रेमिंग्टन गेल’ आणि ‘रेमिंग्टन सीबीआय’ असे वेगळे प्रकार आहेत, आणि मराठी टाइपरायटरची मांडणी त्यांच्याहून वेगळी. तक्ता छापून भिंतीवर लावण्याआधी तो मराठीचाच आहे ना, हे बघून घ्या. आणि जुन्या फॉन्टमध्ये सराव चालू असेल तर एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाका. तिथे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर तुम्ही युनिकोडात टाइप करत नाही आहात.

इनस्क्रिप्टवाल्यांनाही सावध राहावं लागतं. विंडोजमध्ये मराठी जोडताना यादीत `Marathi` आणि `Marathi Phonetic` असे दोन कळफलक दिसू शकतात. पहिला इनस्क्रिप्ट. तपासायला हे मारा:

```
cje"r
```

‘मराठी’ उमटलं तर बरोबर. दुसरंच काही आलं तर फोनेटिक निवडलं गेलं आहे, ते काढून टाका. मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याचा सरावही या परीक्षेत कामाचा नाही. गावात लॅपटॉप नसेल तर आठवड्यातले तीन दिवस क्लासात खऱ्या कळफलकावर बसणं बरं.

शिफ्टकडेही लक्ष द्या. मराठीत ण आणि ळ सतत लागतात, आणि इनस्क्रिप्टवर दोन्हींना शिफ्ट लागतं. ण `c` वर आहे, ती डाव्या हाताची कळ, म्हणून शिफ्ट उजव्या करंगळीने. ळ `n` वर, उजव्या हाताला, म्हणून शिफ्ट डावीकडचं. एकाच हाताने दोन्ही दाबायला गेलं की पंजा उचलला जातो, बाकीची बोटं जागा सोडतात आणि पुढची दोन-तीन अक्षरंही चुकतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य लिहायला शिफ्ट धरून `j`, मग `d`, मग `/`. साधा र वापरला तर ‘दुसर्या’ होतं, आणि ती चूक धरली जाते.

त्या मुलीच्या जाहिरातीत इनस्क्रिप्ट होतं, हाताशी तीन महिने होते. पहिले पंधरा दिवस मी तिला वेग मोजूच दिला नाही. क्लासातलं रेमिंग्टन बंद केलं आणि रोज चाळीस शब्द दिले: गणित, पाणी, स्थिती, कार्य, वर्ष, सर्व, जिल्हा, किंमत. प्रत्येक शब्द तोंडाने म्हणत टाइप करायचा. तिसऱ्या आठवड्यात ‘गिणत’ येणं थांबलं, आणि मग आम्ही घड्याळ लावलं.