बीजगणिताच्या पेपरची सकाळ: उठल्यापासून बाकावर बसेपर्यंत

दहावीचा गणित भाग १, म्हणजे बीजगणित. चाळीस गुण, दोन तास, सकाळचं सत्र अकरा वाजता सुरू. राज्य मंडळाच्या नियमाप्रमाणे साडेदहाला परीक्षा दालनात हजर असावं लागतं. या सकाळची आखणी उठण्याच्या वेळेपासून न करता साडेदहापासून मागे मोजत करावी. साडेदहाला बाकावर, म्हणजे सव्वादहाच्या आत केंद्राच्या फाटकाशी. रिक्षाने वीस मिनिटांचा रस्ता असेल तर पस्तीस धरा, कारण त्या वेळी सगळ्या शाळांची मुलं एकाच दिशेला निघालेली असतात. म्हणजे साडेनऊ ते पावणेदहाच्या दरम्यान घरातून बाहेर. गावाकडे एसटीवर अवलंबून असाल तर हिशोब एसटीच्या वेळेचा, आणि तोही आधीच्या गाडीचा. नेमकी वेळेवर पोहोचवणारी गाडी चुकली की हाती काही उरत नाही.

हा हिशोब जमला की उठायची वेळ आपोआप ठरते. सहा ते साडेसहा पुरे. पहाटे चारला उठून ‘एक शेवटचा हात फिरवून घेतो’ म्हणणाऱ्या मुलाला साडेअकराला, नेमक्या चार गुणांच्या उदाहरणापाशी जांभया यायला लागतात. रात्री साडेदहापर्यंत दिवा मालवायचा. झोप लागली नाही तरी आडवं पडून राहायचं, वही उघडायची नाही.

सकाळी उठल्यावर मोबाइल आई-बाबांच्या ताब्यात. यामागे शिस्तीपेक्षा साधं कारण आहे. परीक्षेच्या सकाळी व्हॉट्सअॅपच्या गटांत ‘हे शंभर टक्के येणार’, ‘पेपर फुटलाय’ असे संदेश फिरतात. ते खरे की खोटे हे ठरवायलाच अर्धा तास जातो आणि डोक्यात ते उदाहरण अडकून बसतं ते बसतंच. आत्या-मामांचे शुभेच्छांचे फोनही आईनेच घ्यावेत. ‘काय मग, झाला का अभ्यास?’ या प्रश्नाला मुलाने सकाळी सातला काय उत्तर द्यायचं?

आंघोळ करून सातच्या सुमाराला उजळणीला बसा. ही उजळणी चाळीस मिनिटांची, फार तर पाऊण तासाची. तिच्यात नवं उदाहरण सोडवायचं नाही, पुस्तकही आधी उघडायचं नाही. एक कोरा कागद घ्या आणि सूत्रं न बघता लिहून काढा. दोन चलांतील रेषीय समीकरणांसाठी क्रेमरची D, Dx, Dy ही पद्धत. वर्गसमीकरणाचं सूत्र आणि विवेचक. अंकगणिती श्रेढीचं n वं पद आणि n पदांची बेरीज. मग सांख्यिकीत मध्य, मध्यक, बहुलक. आता पुस्तक उघडून ताडून पाहा. जे बरोबर आलं त्याच्याकडे परत वळू नका. जे चुकलं किंवा अडलं तेवढंच दोनदा लिहा. नुसतं वाचत गेलं की सगळं येतंय असं वाटतं. कागदावर उतरवताना मात्र खरं काय येतं ते कळतं, आणि पेपरमध्ये लिहायचंच असतं.

माझ्या वर्गात या कागदावर सगळ्यात जास्त गडबड मध्यकाच्या सूत्रात होते, म्हणून ते एकदा नीट पाहू.

मध्यक = L + [(N/2 − cf)/f] × h

यातली cf ही मध्यक वर्गाची संचित वारंवारता नव्हे. ती त्याच्या मागच्या वर्गाची असते. समजा ०-१०, १०-२०, २०-३०, ३०-४०, ४०-५० या वर्गांच्या वारंवारता अनुक्रमे ५, ८, १२, १०, ५ आहेत. एकूण ४०, निम्मे २०. संचित वारंवारता ५, १३, २५, ३५, ४०. वीस हा आकडा २५ मध्ये सामावतो, म्हणून २०-३० हा मध्यक वर्ग. L = २०, f = १२, h = १०, आणि cf = १३. वीसमधून तेरा गेले सात, सात भागिले बारा, गुणिले दहा, म्हणजे सुमारे ५.८३. मध्यक २५.८३. घाईत cf म्हणून २५ घेतले तर कंसात उणे पाच येतं आणि उत्तर १५.८३ निघतं. उत्तर २०-३० या वर्गाच्या बाहेर गेलं, तिथेच चूक कळायला हवी. मध्यक आपल्या वर्गातच राहतो, एवढी एक तपासणी लक्षात असली तर उत्तर लिहून झाल्यावर ती दहा सेकंदांत होते. सकाळच्या उजळणीला अशाच गोष्टी योग्य. लहान, ठरलेल्या आणि हाताला सवय असलेल्या.

पावणेआठला वही बंद. मग कंपासपेटी. बीजगणिताच्या पेपरला ती घरी ठेवणारी मुलं दरवर्षी निघतात, कारण ‘कंपास भूमितीला लागतो’. पण सांख्यिकीत वृत्तालेख आला तर वर्तुळ कशाने काढणार आणि केंद्रीय कोन कशाने मोजणार? आयतालेखाला आणि रेषीय समीकरणांच्या आलेखाला पट्टी आणि टोकदार पेन्सिल लागतेच. तेव्हा कंपास, कोनमापक, पट्टी, दोन पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि एकाच शाईची निदान दोन चालू पेनं. नवं कोरं पेन आणलं असेल तर घरी चार ओळी लिहून बघा. साधं काट्याचं घड्याळ, पाण्याची पारदर्शक बाटली आणि हॉल तिकीट. हॉल तिकीट प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि घराबाहेर पडताना ते हातात आहे हे डोळ्यांनी बघा. ‘दप्तरात आहे’ या भरवशावर निघू नका. स्मार्टवॉच आणि कॅल्क्युलेटर घरीच.

आता नाश्ता. सव्वाआठ ते साडेआठ ही वेळ बरी. साडेआठला खाल्लेल्याच्या जोरावर एक वाजेपर्यंत बसायचंय, त्यामुळे नुसत्या चहा-बिस्किटावर भागत नाही, आणि गच्च भरलेल्या पोटानेही नाही. एक मध्यम ताटली पोहे, वर थोडे शेंगदाणे. किंवा उपमा. किंवा दोन पोळ्या आणि कालवलेलं, मऊ काहीतरी. ज्यांच्या घरी सकाळी भाकरी-भाजी किंवा दूध-भाकरी होते, त्यांनी तेच खावं. नियम एवढाच की पोटाला रोजची ओळख असलेलं, कमी तेलाचं आणि नेहमीपेक्षा थोडं कमी. तर्रीची मिसळ, वडापाव, मोठा ग्लासभर मिल्कशेक हे आज नको. तेलकट आणि तिखट पोटात जड होतं, त्यात घाबरलेलं पोट आधीच नाजूक असतं. काही मुलांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यांना ‘खा रे, खा रे’ करत पाठीमागे लागण्यापेक्षा अर्धी ताटली द्यावी आणि निघताना डब्यात एक केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू द्यावा, तो दहाच्या सुमाराला जातो. दही-साखर हातावर ठेवायची असेल तर जरूर ठेवा, एक चमचा दह्याने कुणाचं काही बिघडत नाही.

परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असल्याने मधेच महाशिवरात्र येऊ शकते, आणि काही घरांत गुरुवारचा उपवास असतो. पंधरा वर्षांच्या मुलाने त्या दिवशी उपवास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. करायचाच असेल तर तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी भरपूर खाऊन जाऊ नका. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, तीही बेताची, हलकी पडते.

पाण्याचंही तसंच. उठल्यावर आणि नाश्त्याबरोबर नीट प्या, नऊनंतर घोट-घोट. उन्हाला घाबरून निघताना बाटलीभर पाणी ढोसलं की साडेअकराला पर्यवेक्षकांकडे हात वर करावा लागतो. चहाची सवय असेल तर नेहमीचा एक कप. आज जाग राहावी म्हणून दुसरा नको. केंद्रावर पोहोचल्यावर वर्ग शोधण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या.

मित्रांचा भाग मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो घडतोही शेवटी, फाटकाबाहेरच्या त्या पंधरा मिनिटांत. ‘तू संभाव्यता पूर्ण केलीस?’ ‘अरे, शेअर्सचं ते दलालीवालं उदाहरण येणार म्हणे.’ ‘मला तर काहीच आठवत नाहीये.’ बोलणारा वाईट नसतो, त्याला स्वतःची भीती कुणाच्या तरी गळ्यात घालायची असते. त्रास असा की आकडेमोड करताना मधली पायरी मनात धरून ठेवायला जी जागा लागते, तीच जागा काळजीही व्यापते. वर्गात गुणाकार बिनचूक करणारी मुलगी पेपरात ७ × ८ = ५४ लिहून येते ती यामुळे.

यावर उपाय आदल्या दिवशी करायचा. रोज बरोबर जाणारे दोघे-तिघे असतील त्यांच्याशी आधीच ठरवून टाका, रिक्षात पेपरचा विषय नाही. क्रिकेट, शेजारचं कुत्रं, काहीही चालेल. फाटकाशी घोळका दिसला तर लांबूनच हात करा आणि आतल्या फलकावर आपला बैठक क्रमांक शोधायला जा. खोली कालचीच असेल असं धरू नका. कुणी गाठलंच तर एक वाक्य तयार असावं: ‘पेपर झाल्यावर बोलू रे.’ हसून म्हणायचं आणि चालायला लागायचं. उत्तर देत बसलात की दुसरा प्रश्न येतो.

आणि धडधड मित्रांमुळे नसून आतूनच असेल तर? शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला होता. परीक्षेच्या आधी दहाएक मिनिटं आपल्या मनातली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या, आणि मुळात परीक्षेला फार घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. घरून निघण्याआधी हे करता येतं. ‘वेळ पुरणार नाही असं वाटतंय’, ‘बाबा रागावतील’, जे असेल ते लिहा आणि तो कागद घरीच ठेवा. लिहिलेला कोणताही कागद केंद्रावर खिशात राहता कामा नये. दालनात शिरण्यापूर्वी सगळे खिसे आणि कंपासपेटीचं झाकणसुद्धा तपासा. सकाळी सूत्रं लिहिलेला कागद त्यात घडी होऊन राहिला, तर तुमचा हेतू काय होता हे कुणी विचारत बसत नाही.

पूर्वी अकराच्या आधी दहा मिनिटं प्रश्नपत्रिका हातात पडायची. २०२३ पासून ती सोय गेली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात. म्हणजे हा पेपर एक वाजून दहा मिनिटांपर्यंत चालतो. मुलाला घ्यायला येणाऱ्यांनी वेळ त्याप्रमाणे धरावी, येताना पाणी आणावं आणि प्रश्नपत्रिका मागू नये. पुढचा पेपर भूमितीचा आहे.