या चुका टाळा: बुडीत खर्च हिशेबातून काढला तरी मागच्या दाराने परत येतो

‘आता इतका पैसा घातलाय, मग मध्येच कसं सोडायचं?’ हे वाक्य मीटिंगमध्ये कुणी उच्चारलं की त्याला संक कॉस्ट फॅलसी, म्हणजे बुडीत खर्चाचा सापळा म्हणतात, एवढं आता बऱ्याच जणांना माहीत असतं. जो पैसा गेला तो पुढे गेलात तरी गेलेलाच आहे आणि थांबलात तरी गेलेलाच आहे. त्यामुळे पुढचा निर्णय त्यावर ठरू नये. नियम एका ओळीचा आहे. तरीही तो पाठ असलेली माणसं हिशेब चुकवतात, आणि बहुतेक वेळा ठरावीक ठिकाणीच चुकवतात. त्या जागा एका उदाहरणावर बघू.

समजा, एका कंपनीने स्वतःसाठी मालसाठ्याचं सॉफ्टवेअर बाहेरच्या टीमकडून बनवून घ्यायला काढलं. बजेट २० लाखांचं. आजवर १८ लाख खर्च झाले. टीम म्हणते, अजून ६ लाख लागतील. सॉफ्टवेअर पूर्ण झालं तर पुढच्या काही वर्षांत त्यातून ३० लाखांची बचत होईल. दरम्यान बाजारात एक तयार सॉफ्टवेअर आलंय. ते बसवून सुरू करायला ७ लाख लागतात. त्यात दोन-तीन सोयी कमी आहेत, म्हणून बचत २६ लाखांची धरू.

संचालक म्हणतात, ‘१८ लाख काय पाण्यात घालायचे? पूर्ण करा.’ हिशेबनीस म्हणतो, ‘साहेब, ते १८ लाख बुडीत आहेत, ते विसरा आणि तयार सॉफ्टवेअर घ्या.’ दोघंही चुकताहेत, आणि हिशेबनिसाची चूक जास्त मजेशीर आहे.

पहिली चूक: ‘बुडीत आहे’ म्हणजे ‘थांबा’ असं समजणं

१८ लाख बाजूला ठेवले की उरतं ते एवढंच. काम पूर्ण केलं तर ३० वजा ६, म्हणजे २४ लाख. तयार सॉफ्टवेअर घेतलं तर २६ वजा ७, म्हणजे १९ लाख. पूर्ण करणं ५ लाखांनी सरस. म्हणजे संचालकांचा निष्कर्ष (या क्षणी तरी) बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं.

१८ लाख खरंच बिनकामाचे आहेत का, अशी शंका असेल तर ते दोन्हीकडून वजा करून बघा. २४ चे ६ होतात आणि १९ चा १. फरक पुन्हा ५ च. दोन्हीकडे सारखाच असलेला आकडा कुणाच्याच बाजूने बोलत नाही. घोळ होतो तो माणसं हा आकडा एकाच बाजूला मांडतात म्हणून. ‘थांबलो तर १८ लाखांचं नुकसान’ असं लिहितात; ‘पुढे गेलो तरी ते १८ लाख खर्चच झालेले आहेत’ हे लिहीत नाहीत.

याचा उलट प्रकारही नेहमी दिसतो. समजा १८ ऐवजी २८ लाख गेलेत, बाकी ६ च आहेत आणि तयार पर्याय अजिबात नाही. एकूण खर्च ३४, बचत ३०. ‘हा प्रकल्प तोट्यात आहे, बंद करा,’ असं कुणीतरी ठणकावून सांगतं. पण बंद केला तर तोटा २८ लाखांचा आणि पूर्ण केला तर ४ लाखांचा. सुरुवातीलाच हे कळतं तर हात घालायला नको होता, हे खरं. पण आजचा प्रश्न तो नाही.

दुसरी चूक: सगळंच बुडीत धरणं

खर्च झालेला प्रत्येक पैसा बुडीत नसतो. या कंपनीने १८ लाखांतूनच स्वतःचा सर्व्हर घेतलाय. काम थांबवलं तर तो विकून ३ लाख हातात येतील. पुढे गेलात तर तो लागणारच आहे. म्हणजे हे ३ लाख थांबण्याच्या बाजूला जमा होतात. उलट, टीमशी केलेला करार मध्येच मोडला तर दीड लाख द्यावे लागतात. हा खर्च पुढचा आहे आणि फक्त थांबल्यावरच येतो, म्हणून तोही त्याच बाजूला, पण वजा. तयार सॉफ्टवेअरचे १९ लाख आता साडेवीस होतात.

कराराचा दंड, ग्राहकाला दिलेला शब्द, दुसरीकडे वापरता येईल असं सामान, लोकांनी शिकून घेतलेलं काम या सगळ्यांचा उगम जुन्या खर्चात असला तरी परिणाम पुढच्या पैशावर होतो. ते धरायलाच हवेत. चाचणी सोपी आहे: मी आज थांबलो तर हा आकडा बदलतो का? बदलत असेल तर ठेवा, नसेल तर खोडा.

अजूनही पूर्ण करणं पुढे आहे, २४ विरुद्ध साडेवीस. बहुतेक जण इथे वही मिटतात. खरं घोडं पेंड खातं ते यानंतर.

तिसरी आणि सगळ्यांत महागडी चूक: ‘आता थोडंच राहिलंय’ हा आकडा न तपासणं

या पूर्ण हिशेबात एक आकडा मोजलेला नाही, कुणाच्या तरी तोंडून आलेला आहे: बाकीचे ६ लाख. झालेला खर्च आपण समोरच्या दाराने बाहेर काढतो आणि तो या आकड्यात लपून परत येतो. काम सोडायची इच्छा नसली की ‘अजून किती लागेल’ याचं उत्तर नकळत लहान होतं. मग ‘फक्त पुढचं बघा’ हा नियम काटेकोर पाळूनही माणूस अडकून राहतो. दर वेळी बाकी थोडीच असते, दर वेळी पुढे जाणंच फायद्याचं दिसतं, आणि हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणता म्हणता ते शेपूट हत्तीएवढं होतं.

यावर उपाय म्हणजे जुने अंदाज काढून बघणं. आपल्या उदाहरणात १२ लाख खर्च झाले होते तेव्हा टीमने लिहून दिलं होतं की बाकी ९ लाख. त्यानंतर ६ लाख खर्च झाले. अंदाज खरा असता तर बाकी ३ उरायला हवी होती. ती ६ आहे. म्हणजे ६ लाख घातल्यावर बाकी फक्त ३ लाखांनी कमी झाली. अंदाजातला १ लाख संपवायला प्रत्यक्षात २ लाख लागले. तोच वेग पुढे राहिला तर आजच्या ६ लाखांचा अर्थ १२ लाख. ३० वजा १२, उरले १८. समोर साडेवीस. पारडं फिरलं.

गुणाकार इतका सरळ नेहमी लागू होतो असं नाही. मधल्या काळात कामाची व्याप्ती वाढवली असेल किंवा एकदाच येणारी अडचण आली असेल तर पुढचा वेग वेगळा असू शकतो. पण तसं म्हणणाऱ्याने ती अडचण नेमकी कोणती आणि ती पुन्हा का येणार नाही, हे सांगायला हवं. ‘आता सगळं मार्गी लागलंय’ हे उत्तर नव्हे.

शिवाय बाकी अचूक काढायची गरजही नाही. ३० मधून साडेवीस वजा केले की साडेनऊ येतात. बाकी साडेनऊ लाखांच्या आत असेल तर पूर्ण करा, वर असेल तर थांबा. मीटिंगमध्ये वाद घालायचा तो ‘६ की १२’ यावर नाही, साडेनऊच्या कुठल्या बाजूला आपण आहोत यावर.

‘९० टक्के काम झालंय’ हे वाक्य याच चुकीचं भावंड आहे. ते टक्के बहुतेकदा खर्चाचे असतात, कामाचे नसतात. आपल्या कंपनीचं काम बजेटप्रमाणे ‘९० टक्के’ झालंय, कारण २० पैकी १८ संपले. आणि काम खरोखर तेवढं झालेलं असलं तरी तो आकडा मन कसं फिरवतो, हे हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसतं. रडारला न दिसणारं विमान बनवायचं आहे, पण प्रतिस्पर्ध्याने त्याहून वेगवान आणि स्वस्त विमान बाजारात आणलंय. १ कोटी डॉलरच्या प्रकल्पाचं ९० टक्के काम झालंय, उरलेले १० टक्के घालणार का? ४८ पैकी ४१ जण हो म्हणाले. दुसऱ्या गटाला सांगितलं की काम सुरूच झालेलं नाही, संशोधनाचे शेवटचे १० लाख डॉलर यात घालणार का? ६० पैकी फक्त १० जण हो म्हणाले. पुढे घालायची रक्कम दोन्हीकडे तेवढीच होती.

चौथी चूक: सुरुवात करणाऱ्यालाच विचारणं

बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीचे पैसे वाटायला दिले. दोन विभागांपैकी एकाला निधी द्यायचा, नंतर त्याचे निकाल पाहून पुढचा निधी वाटायचा. निवडलेला विभाग घसरल्यावर त्याला जास्त पैसे कुणी दिले? ज्यांनी तो आधी स्वतः निवडला होता त्यांनी. आधीचा निर्णय दुसऱ्या कुणाचा होता त्यांनी कमी दिले.

म्हणून बाकीचा अंदाज ज्याने प्रकल्प मंजूर करून घेतला त्याच्याकडून घेऊ नका, आणि पुढे न्यायचा की नाही हेही त्याच्या एकट्यावर सोपवू नका. माहिती त्याच्याकडेच असते, ती घ्या. आकडा मात्र दुसऱ्याने मांडावा. माणूस अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. काम थांबलं की १८ लाखांचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं, पुढे गेलं की ते उत्तर सहा महिने लांबतं.

हे लांबणं बऱ्याच वेळा हिशेबाच्या वह्यांमध्येही असतं. अर्धवट प्रकल्प ताळेबंदात मालमत्ता म्हणून उभा असेल तर तो थांबवल्यावर ती रक्कम एकदम तोट्यात लिहावी लागते आणि यंदाचा नफा खाली येतो. पुढे चालू ठेवला तर कागद निदान वरवर नीट दिसतो. पण ती नोंद केल्याने तिजोरीतून एक पैसाही जात नाही. तो पैसा आधीच गेलाय. त्या नोंदीमुळे करात काही सवलत मिळणार असेल तर तेवढी थांबण्याच्या बाजूला जमा धरा. बाकी ‘या वर्षी तोटा दाखवायला नको’ हे कारण कुणी दिलं तर ते हिशेबाच्या कागदावर आकड्यांच्या रकान्यात न घेता खाली, कारण देणाऱ्याच्या नावासकट, वेगळं लिहा.