स्तंभ शून्यापासूनच उभा करा: आरोग्याच्या आलेखांतल्या या चुका टाळा

कापलेला स्तंभ ही आरोग्याच्या सादरीकरणांत मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक. बहुतेकदा ती माणूस करतच नाही, एक्सेल करतं. माणूस ती न बघता पुढे पाठवतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले महाराष्ट्राचे आकडे घ्या. दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ९०.३ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ९४.७ झालं. एवढ्या दोनच आकड्यांचा स्तंभालेख काढलात तर एक्सेल उभा अक्ष ८८ पासून सुरू करतं. कारण सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातलं अंतर मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याहून कमी असलं की ते शून्य सोडून देतं. मग पहिला स्तंभ उरतो २.३ उंचीचा आणि दुसरा ६.७ चा. वाढ ४.४ टक्केबिंदूंची, पण डोळ्याला वाटतं की बाळंतपणं जवळपास तिप्पट झाली.

एका जिल्ह्याच्या आढावा बैठकीत नेमका हाच आलेख पडद्यावर आला आणि टाळ्या पडल्या. पुढच्याच स्लाइडवर रक्तक्षय होता. त्याच दोन फेऱ्यांत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधलं प्रमाण ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेलेलं. ही वाढ ६.२ टक्केबिंदूंची, म्हणजे आधीच्यापेक्षा मोठी, आणि वाईट दिशेची. तिथे मात्र दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसत होते, त्यामुळे एकानेही प्रश्न विचारला नाही. त्या आलेखात पुरुषांचेही आकडे होते, ते बरेच कमी असल्याने एक्सेलने अक्ष आपोआप शून्यापासून घेतला होता. सादर करणाऱ्या डॉक्टरांना काही लपवायचं नव्हतं. त्यांनी अक्षाकडे पाहिलंच नव्हतं, आणि माझा राग आहे तो या घाईवरच. आकडे गोळा करायला सर्वेक्षक उन्हातान्हात घरोघरी फिरतात आणि आपल्याला आलेखाकडे अर्धा मिनिट बघवत नाही.

उपाय सोपा आहे. अक्षावर दोनदा क्लिक करा, Format Axis मध्ये Minimum च्या चौकटीत ० टाका. तिथे आधीच शून्य दिसत असलं तरी मी ते हाताने टाइप करतो, म्हणजे उद्या आकडे बदलले तरी अक्ष जागचा हलत नाही.

यावर नवशिक्यांची तक्रार ठरलेली: 'सर, मग फरकच दिसत नाही.' फरक लहान असेल तर तो लहानच दिसायला हवा. तरीही बारकावा दाखवायचा असेल तर स्तंभ सोडा आणि ठिपके वापरा. स्तंभ आपण लांबीवरून वाचतो, म्हणून त्याचं बूड कापता येत नाही. ठिपका जागेवरून वाचतो, त्यामुळे अक्ष ८५ ते १०० घेतला तरी चालतो. फक्त प्रत्येक ठिपक्याशेजारी आकडा लिहा. रेषेचंही तसंच. तापाचा तक्ता शून्य अंशापासून काढला तर ९८ आणि १०३ मधला फरक दिसणारच नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

आडव्या अक्षाकडे तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. याच सर्वेक्षणाच्या पहिल्या पाच फेऱ्या झाल्या १९९२-९३, १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ मध्ये. साध्या रेषालेखात ही नावं मजकूर म्हणून टाकली की सगळी समान अंतरावर बसतात. दहा वर्षांत झालेला बदल आणि जेमतेम चारेक वर्षांत झालेला बदल एकाच रुंदीत येतो, आणि अलीकडचा वेग आहे त्यापेक्षा मंद वाटतो. इथे स्कॅटर आलेख घ्या आणि वर्ष आकडा म्हणून भरा.

जिल्ह्यांची तुलना रुग्णसंख्येवर करू नका, दर लाख लोकसंख्येवर करा. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्हा ९४ लाखांचा होता आणि सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा. एकाच माणसाला दोन आजार असू शकतात तिथे पाय चार्ट नको. त्रिमितीय स्तंभ कुठेच नकोत.

आता गर्दी. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे, ३६ रेषा, ३६ रंग आणि बाजूला मुंग्यांएवढ्या अक्षरांतली सूची. 'सगळी माहिती एकाच ठिकाणी' असं अभिमानाने सांगतात, पण त्यातून आपला जिल्हा शोधून दाखवा म्हटलं की तिसरा निळा की चौथा निळा यावर वाद सुरू होतो. मी सगळ्या रेषा फिकट राखाडी करतो, ज्या जिल्ह्याबद्दल बोलायचंय तो एकच गडद, राज्याची सरासरी तुटक रेषेने, आणि सूची काढून टाकून नावं रेषेच्या टोकाशीच लिहितो. सगळेच जिल्हे दाखवणं भाग असेल तर प्रत्येकाची छोटी चौकट करून ओळीत मांडा. मात्र सगळ्या चौकटींचा उभा अक्ष सारखाच ठेवा, नाहीतर प्रत्येक चौकट आपापल्या मापाने ताणली जाते आणि गडचिरोलीची रेषा मुंबईच्या रेषेशी ताडून बघता येत नाही. शेवटी कृष्णधवल प्रिंट काढून बघा. तालुक्याला आलेख बऱ्याचदा झेरॉक्स होऊनच पोचतो.